गुण सारखे, मग मालवण वर कसं?

> मालवणला आम्ही वेंगुर्लेकरांनी २-० हरवलं, गुणही दोघांचे ६. तरी ते वर?

तुमच्या स्पर्धेचा नियम आधी गोलफरक, मग केलेले गोल असा असेल, तर तक्ता बरोबर आहे. आपसातला निकाल मोजायचाच नाही. (स्पेनच्या ला लीगामध्ये मात्र तो आधी बघतात, तिथे तुम्ही वर असता.) मालवणने ९ केले, ४ खाल्ले, तुम्ही ७ केले, २ खाल्ले. दोघांचाही फरक +५, म्हणून ९ वाले वर. १९८९ साली आर्सेनल असंच जिंकलं: लिव्हरपूलइतकेच ७६ गुण, फरक दोघांचा +३७, पण गोल ७३ विरुद्ध ६५.

शंका असेल तर सगळ्या संघांच्या फरकांची बेरीज करा. कणकवली -१, देवगड -९, तुम्ही दोघे +५: बेरीज शून्य. तशी आली नाही तर कुठेतरी गोल चुकीचा लिहिलाय. गुणही जुळतात: निकाली सामने ५, बरोबरी १, म्हणजे १५ अधिक २, एकूण १७.

पण एखाद्या सामन्याचा स्कोअर उलटा लिहिला गेला, तर या दोन्ही बेरजा गुमान जुळतात. तेवढ्यासाठी पंचांच्या सहीचे कागद मागवा आणि सहाही सामने एकेक करून ताडून बघा.