मदत हवी आहे: क्लेविसमधल्या लगची फाटण्याची लांबी कुठून मोजायची?

मंडळी, शेडच्या टाय रॉडचा क्लेविस तपासतोय. ओढ ६० किलोन्यूटन, पिन २५ मिमी. पिन दोन ठिकाणी कातरते, म्हणून ताण ६१ एमपीए. तिची काळजी नाही. मधला लग १६ मिमी जाड, बाजूच्या प्लेटा १०-१० मिमी, म्हणजे बेअरिंगला मधलाच कमजोर: १५० एमपीए.

अडलंय ते लग फाटण्यापाशी. भोकाच्या केंद्रापासून कड २८ मिमी. भोकाच्या काठापासून मोजलं तर १५.५ मिमी, दोन पृष्ठं धरून १२१ एमपीए. साध्या माइल्ड स्टीलची कातर-यील्ड साधारण १४४, म्हणजे फारच थोडी सवलत. केंद्रापासून मोजलं तर ६७ येतात, पण तिथे भोकच आहे, ते पटत नाही. काहीजण ४० अंशांच्या रेषेपासून मोजतात. तुम्ही काय धरता? की कडच वाढवू?