मदत हवी आहे: चांदी काळी पडली नाही, तर ही अळंबी खाण्यासारखी समजायची का?

कुडाळकरीण:
अंगणातल्या गवतात पांढऱ्या छत्र्या उगवल्यात. मोठी ताटलीएवढी आहे, वर तपकिरी खवले, देठाला कडं, खालचे पडदे पांढरे. सासूबाईंनी लसूण आणि चांदीचं नाणं घालून उकळून पाहिलं. दोन्हींचा रंग बदलला नाही, शिवाय छत्रीला अळ्या लागल्यात, म्हणून त्या चांगल्या म्हणतात. शिजवू का? फोटो चढत नाहीये.

माळरान:
शिजवू नका. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. उकडलेल्या अंड्यानेही पडते. अळंबीतलं जीवघेणं विष, अमाटॉक्सिन, चांदीला काहीच करत नाही. लसणाचा रंग बदलतो तो त्याच्या स्वतःच्या रसायनांमुळे. अळ्यांचंही तेच: त्यांचं शरीर वेगळं, काही माश्यांच्या अळ्या अमाटॉक्सिनवाल्या छत्रीतही आरामात वाढतात. ते विष उकळून, तळून किंवा वाळवूनही जात नाही. आणि उकळलेलं पाणी ओतून द्या, भांडं घासून घ्या.

रानभाजीवाला:
एवढं घाबरायचं कारण नाही. देठाच्या बुडाशी पिशवी नसेल तर अळंबी विषारी नसते.

माळरान:
अर्धंच खरं आहे हे. पिशवी दिसली तर अमाटॉक्सिनवाल्या अमानिटाचा संशय घ्यायचाच. पण भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या खाण्याच्या अळंबीलाही पिशवी असते, आणि पिशवी नसलेल्या विषारी जाती पुष्कळ आहेत. त्यात लोक छत्री वरच्यावर खुडतात, मग पिशवी मातीतच राहते.

कुडाळकरीण, तुमच्या वर्णनावरून मला हिरव्या बीजाणूंच्या विषारी अळंबीचा, क्लोरोफायलमचा, संशय येतो. पावसाळ्यात गवतात तीच फार उगवते आणि वारुळावरची अळंबी समजून खाल्ली जाते. असं करा: एक पूर्ण उघडलेली छत्री सुरीने मातीसकट उकरून काढा आणि बुड बघा. वारुळाच्या अळंबीचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल वाळवीच्या घरापर्यंत जातो आणि टोपीच्या मध्यभागी टोकदार उंचवटा असतो. क्लोरोफायलमचं बुड नुसतं फुगीर, आणि कडं देठावर वरखाली सरकतं.

मग बीजाणूंचा ठसा घ्या. देठ टोपीलगत कापा, पडदे खाली करून टोपी कागदावर ठेवा. अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. वरून पाण्याचा एक थेंब टाका, वाडग्याने झाका आणि रात्रभर हलवू नका. सकाळी रंग दिवसाच्या उजेडात बघा: क्लोरोफायलमचा मळकट हिरवा, वारुळाच्या अळंबीचा फिकट गुलाबी, अमानिटाचा पांढरा.

रानभाजीवाला:
म्हणजे गुलाबी आला की खायला हरकत नाही?

माळरान:
नाही. एन्टोलोमाचा ठसाही गुलाबी असतो आणि त्यात विषारी जाती आहेत. ठशाने फक्त गट कमी होतात. पडदे देठाला चिकटलेत की सुटे आहेत, कापल्यावर रंग बदलतो का, जमिनीत खाली काय आहे, हे सगळं जुळावं लागतं. तरी जात ठरवायला तज्ज्ञ बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि आयोडीनच्या द्रावणात त्यांचा रंग बदलतो का ते पाहतात.

पुणेरी_पाकगृह:
मी बाजारातून बटण मशरूम आणले, फ्रिजमध्ये दोन दिवसांत तपकिरी झाले. तेही विषारी झाले का?

माळरान:
तो वेगळा प्रश्न आहे. लागवडीच्या अळंबीची जात माहीत असते. तुमचा प्रश्न ताजेपणाचा आहे. चिकट झाली किंवा वास आला तर टाका.

कुडाळकरीण:
ठसा घेतला. मोठीचा शेवाळी हिरवा आला, बुड फुगीर, मूळ नाही. पण लहान मिटलेल्या दोघींचा काहीच पडला नाही. आणि दिरांनी काल रात्री एक तुकडा भाजून खाल्ला होता. त्यांना अजून काही झालेलं नाही. मग ठीक ना?

माळरान:
मिटलेल्या छत्रीचे बीजाणू पिकलेले नसतात, म्हणून ठसा पडत नाही. त्या वयात क्लोरोफायलमचेही पडदे पांढरेच असतात, म्हणून त्या कळ्या नेमक्या कोणत्या, हे सांगता येणार नाही. त्याही खाऊ नका.

दिरांना आत्ताच जिल्हा रुग्णालयात न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. क्लोरोफायलमच्या उलट्या साधारण एक ते तीन तासांत सुरू होतात. अमानिटाच्या मात्र ६ ते २४ तासांनी. मग उलट्या-जुलाब थांबून माणूस बरा वाटतो आणि तेव्हाच यकृत खराब होत असतं. त्यांनी खाल्लेला तुकडा या मोठीचाच होता की दुसऱ्या छत्रीचा, हे कळत नाही, म्हणून आता बरं वाटतंय त्यावर जाऊ नका. उरलेल्या छत्र्या बुडासकट कागदी पिशवीत (प्लॅस्टिकमध्ये सडतात), ठशाचा कागद आणि खाल्ल्याची वेळ लिहून डॉक्टरांना द्या.

कुडाळकरीण:
निघालो.