मदत हवी आहे: तीन कमानींच्या क्लिपिंग मास्कला वेगवेगळी किनार

नमस्कार. इलस्ट्रेटरमध्ये राजगडाचा एकच फोटो मला तीन कमानींतून दाखवायचा आहे. फोटोसह तिन्ही कमानी निवडून `Object > Clipping Mask > Make` केल्यावर फोटो फक्त सर्वांत वरच्या कमानीत दिसला, कारण मास्क म्हणून सर्वांत वरचा एकच आकार धरला जातो. आधी कमानींचा कंपाउंड पाथ केल्यावर तिन्ही भरल्या; `Release` केल्यावर फोटो अखंड परत मिळतो, हे विशेष सोयीचे आहे.

मात्र मास्क होताच कमानींची सोनेरी किनार गेली. डायरेक्ट सिलेक्शनने ती पुन्हा देता येते, पण कंपाउंड पाथमुळे तिघींना सारखीच मिळते. मधली जाड हवी आहे. कमानींची प्रत वर ठेवण्याखेरीज, मास्कसोबतच सरकेल असा उपाय आहे का?