‘यादीत नसलेल्या’ सीटबद्दल बी विंगच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

संतोष (बी-३०४): सगळ्यांना नमस्कार. जरा घाईचं विचारायचंय. तन्वीला नीटमध्ये ३९८ मार्क आहेत. काल एका काउन्सेलरचा फोन आला. तिचं नाव, मार्क, कॅटेगरी सगळं त्याला आधीच माहीत होतं. म्हणाला, एका अभिमत विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात मॅनेजमेंट कोट्याच्या चार सीट आहेत, त्या यादीत दाखवत नाहीत, आतून भरतात. फी वेगळी, वर १८ लाख. त्यातले ५ लाख उद्या संध्याकाळपर्यंत रोख. काम नाही झालं तर पैसे परत, स्टँपपेपरवर लिहून देतो. कुणाला अनुभव आहे का?

वैशाली (बी-२०१): संतोषभाऊ, उद्यापर्यंत काही देऊ नका. सुनंदाताईंना विचारा, त्या प्रवेश विभागातच होत्या.

सुनंदाताई (बी-१०२): संतोष, मी अकरा वर्षं एका मेडिकल कॉलेजच्या प्रवेश विभागात काम केलंय, म्हणून सांगते. अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएसच्या सगळ्या सीट एमसीसी, म्हणजे दिल्लीची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी भरते. आता शेवटची स्ट्रे राउंडसुद्धा तिथूनच ऑनलाइन होते. आणि तो ज्याला गुप्त म्हणतोय तो कोटा गुप्त नाहीच. राउंडच्या आधी साइटवर सीट मॅट्रिक्स लागतो, त्यात त्या कॉलेजच्या नावापुढे पेड सीट्सचा कोटा सरळ लिहिलेला असतो. किती सीट आहेत तेही दिसतं, फी किती तेही दिसतं. तन्वी चॉइस भरेल तेव्हा तिच्या स्क्रीनवर तोच पर्याय येईल.

संतोष: मग यादीबाहेरच्या चार सीट?

सुनंदाताई: यादीबाहेर भरलेल्या मुलाचं पुढे काय करायचं, हे मला कुठलंही कॉलेज सांगू शकणार नाही. कॉलेजनं परस्पर प्रवेश द्यायचा नाही असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम आहे. अलॉटमेंटशिवाय घेतलेलं पोर वर्गात बसेल, पण त्याचा प्रवेश मान्य होणार नाही. वर्षं आणि फी दोन्ही जातील.

अनिल (बी-४०३): ताई, तुमचं पटतंय, पण माझ्या साडूच्या मुलाचं गेल्या वर्षी एजंटनंच केलं. ७ लाख दिले आणि राउंड तीनमध्ये सीट लागली. मी स्वतः पाहिलंय.

सुनंदाताई: अनिलराव, तुम्ही सीट लागलेली पाहिलीत. ती कशामुळे लागली ते असं तपासा. एमसीसीच्या साइटवर प्रत्येक राउंडचा निकाल पीडीएफमध्ये असतो. त्यात रँक, कॉलेज, कोटा असं सगळं ओळीनं असतं. साडूंच्या मुलाची रँक काढा आणि त्याच कॉलेजात, त्याच कोट्यात, त्याच राउंडला शेवटची रँक कुठली लागली ते बघा. त्याची रँक त्याच्या आतलीच असणार, कारण बाहेरची असती तर ती त्या पीडीएफमध्ये आलीच नसती. ७ लाख न देताही तीच सीट मिळाली असती.

सुनंदाताई: हा धंदा कसा चालतो ते आम्ही काउंटरच्या आतून वर्षानुवर्षं बघितलंय. समजा एकानं दहा घरांकडून ५-५ लाख घेतले. त्याच्या हातात ५० लाख आले. तो कॉलेजात कुणालाही भेटत नाही. तिघांना आपल्या रँकवर सीट लागते, तो त्यांना ‘झालं बघा काम’ म्हणतो, १५ लाख त्याचे. उरलेल्या सात जणांना आधी ‘पुढच्या राउंडला बघू’, मग ‘स्ट्रेला नक्की’, मग ‘चेक देतो’. काहींना अर्धे परत देतो, म्हणजे आरडाओरडा होत नाही. आणि मिळालेले तिघं सगळ्या नातेवाइकांना त्याचा नंबर देतात.

अनिल: साडूंना उद्याच ती पीडीएफ पाठवतो. मनाला लागलं हे.

प्रकाशकाका (बी-५०१): मी आजवर ग्रुपवर बोललो नव्हतो. माझ्या पुतण्याच्या बाबतीत वेगळ्याच गोष्टीत फसलो आम्ही. एजंट म्हणाला, रजिस्ट्रेशन मीच करतो, तुम्हाला फॉर्ममधलं कळणार नाही. अभिमतसाठी एमसीसीला ५ हजार नोंदणी फी आणि २ लाख परत मिळणारं डिपॉझिट असतं. आम्ही त्याला २ लाख ५ हजार रोख दिले, त्यानं स्वतःच्या खात्यावरून भरले. पुतण्याला कुठल्याच राउंडला सीट लागली नाही. डिपॉझिट परत आलं, पण ज्या खात्यातून भरलं होतं त्याच खात्यात येतं ना ते! साइटवर आधीच लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. आमचे पैसे सरकारनं नियमाप्रमाणे त्याच्या खात्यात जमा केले. तक्रार द्यायला गेलो तर हातात कागद कुठला? रोख दिल्याची पावती नव्हती.

सुनंदाताई: काका, हे कुणालाच लक्षात येत नाही. आणि लॉगिनचं काय झालं होतं?

प्रकाशकाका: पासवर्ड त्याच्याकडेच. मोबाइल नंबर आणि ईमेलही त्याचाच टाकला होता. चॉइस त्यानं भरले, त्यात पुतण्याला हवं असलेलं एकही कॉलेज नव्हतं. राउंड एकमध्ये आम्ही नुसते फोनची वाट बघत बसलो.

रोहन (बी-१०४): ताई, इंजिनिअरिंगला कसं? तिथं खरंच कोटा असतो ना? माझ्या भावाला १.५ लाख मागितलेत.

सुनंदाताई: असतो. खासगी इंजिनिअरिंगला संस्था पातळीवरच्या सीट असतात, कॉलेज त्या स्वतः भरतं. पण जाहिरात द्यावी लागते, अर्ज मागवावे लागतात, गुणवत्तेनं यादी लावावी लागते आणि ती प्रवेश नियामक प्राधिकरणाकडून मंजूर व्हावी लागते. भावाला सांग, एजंटला फोन करण्याऐवजी कॉलेजात जाऊन अर्ज घे आणि मागच्या वर्षी कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत ती शाखा किती पर्सेंटाइलला बंद झाली ते बघ. कित्येक ठिकाणी सीट रिकाम्या राहतात, तिथं १.५ लाख कशाचे? फी घेतलीच तर कॉलेजच्या नावानं, पावतीवर. फीच्या वर देणगी घेणं आपल्याकडे १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

वैशाली: मग स्टँपपेपरचं काय ताई?

सुनंदाताई: बेकायदा कामासाठी केलेल्या कराराला कोर्टात किंमत नाही. उलट तो कागद बघून घरचे निर्धास्त होतात, तेवढाच त्याचा उपयोग, आणि तो एजंटलाच.

संतोष: ताई, एक सांगायचं राहिलं. आज दुपारी त्यानं ‘फक्त चेक करायला’ म्हणून तन्वीचा लॉगिन आयडी आणि पासवर्ड घेतलाय. ओटीपीपण दिला मी.

सुनंदाताई: मग आधी ते. आत्ताच्या आत्ता लॉगिन करून पासवर्ड बदला. नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना बघा. चॉइसची यादी उघडा, लॉक केली असेल तर स्क्रीनशॉट काढा. तन्वीला शेजारी बसवा, यादी तिनं स्वतः वाचू दे. मी जागी आहे, काही अडलं तर खाली या.

संतोष: बदलला. मोबाइल आमचाच आहे, पण ईमेल बदललेला दिसतोय.

सुनंदाताई: लॅपटॉप घेऊन खाली या. एमसीसीला आत्ताच मेल टाकू, आणि सकाळी हेल्पलाइन सुरू झाली की पहिला फोन तुमचा. त्याचे सगळे मेसेज, नंबर तसेच ठेवा, काहीही डिलीट करू नका.

संतोष: येतो. त्याचाच फोन वाजतोय.

प्रकाशकाका: उचलू नका. मीही खाली येतोय.