उत्तर: सेल्स आणि प्रॉडक्शनची रोजची भांडणं

> "सेल्सवाले रोज प्लॅन बदलतात, प्रॉडक्शनवाले ऐकत नाहीत. चूक कोणाची?"

आधी दोघांना कशावर मोजलं जातं ते बघा. सेल्सला वेळेवर डिलिव्हरीवर, प्रॉडक्शनला मशीन किती चाललं यावर. मग प्रत्येक बदलात एकाचा आकडा सुधारतो, दुसऱ्याचा पडतो.

प्लास्टिक मोल्डिंगचं उदाहरण घ्या. मोल्ड उतरवणं, दुसरा चढवणं, बॅरल साफ करणं, पहिला नग पास होणं, यात ३ तास गेले असं धरू. अर्जंट ऑर्डर मध्ये घुसवली की जाऊन-येऊन ६ तास. तासाला १२० नग निघत असतील तर ७२० नग बुडाले. हा आकडा सेल्सला कधी दिसतच नाही. तो बदलाच्या फॉर्मवर लिहाच.

पुढच्या ३ दिवसांचा प्लॅन गोठवा. तो मोडायची सही फक्त प्लांट हेडची, आणि कोणती ऑर्डर मागे जाणार हे त्याच कागदावर. "लवकरात लवकर" चालणार नाही. तारीख आणि नग हवेत. वेळेवर पूर्ण गेलेल्या ऑर्डरींची टक्केवारी दोन्ही खात्यांच्या मूल्यमापनात घाला. हे करायचं राहिलं, तर मागच्या दाराने फोन सुरू होतात. गोठवलेला प्लॅन आठवड्यात दोन-तीनदा मोडत असेल तर गोठवण्याची मुदत चुकीची आहे, ती कमी करा.