मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर आणि लिफ्टचा फंड: रविवारच्या मीटिंगआधी

खजिनदार (२०३): सगळ्यांना नमस्कार. रविवारी दोन विषय आहेत: मेंटेनन्सची वाटणी आणि लिफ्टसाठी वेगळा फंड. हिशेब आधीच टाकते, म्हणजे मीटिंगमध्ये आकडे सांगण्यातच वेळ जायला नको. आपले २० फ्लॅट. ८५० स्क्वेअर फुटांचे १० आणि १२५० चे १०, एकूण २१,००० स्क्वेअर फूट. वॉचमन, झाडलोट, हेस्कॉमचं विजेचं कॉमन बिल, पाण्याची मोटर, लिफ्टचा एएमसी म्हणजे वर्षाचा देखभाल करार धरून महिन्याचा खर्च ४२,००० रुपये. म्हणजे स्क्वेअर फुटाला २ रुपये. लहान फ्लॅटला १,७००, मोठ्याला २,५००.

१०४: आत्तापर्यंत सगळ्यांना सारखे २,१०० होते की. आमचे एकदम ४०० वाढले. वॉचमन काय मोठ्या फ्लॅटची जास्त राखण करतोय? कोल्हापुरात मेव्हण्याच्या सोसायटीत सगळ्यांना सारखंच आहे, लिफ्टचंसुद्धा.

सेक्रेटरी (३०१): दादा, मेव्हण्यांचं बरोबर आहे, पण ते तिकडचं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं आणि लिफ्टचा खर्चही सारखाच असतो. आपण सहकारी सोसायटी नाही. बोलायला सोसायटी म्हणतो एवढंच. आपली असोसिएशन कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७२ खालची आहे. त्यात सामाईक खर्च हा सामाईक जागेतल्या प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटायचा असं आहे. ती टक्केवारी आपल्या नोंदणी झालेल्या डिक्लरेशन डीडमध्ये फ्लॅटवार लिहिलेली आहे: लहान फ्लॅटला ४.०५, मोठ्याला ५.९५. क्षेत्रफळावरूनच काढलेली आहे, म्हणून २ रुपयांचा हिशेब तिच्याशी जुळतो. महाराष्ट्रातसुद्धा अपार्टमेंट कायद्याखाली झालेल्या असोसिएशनना टक्केवारीच लागते.

१०४: मग निम्मं सारखं, निम्मं फुटावर असं करूया की. बऱ्याच ठिकाणी करतात.

सेक्रेटरी (३०१): करतात, आणि माणसांचा विचार केला तर ते पटण्यासारखंही आहे. पण डीडमध्ये टक्केवारी असताना नुसत्या मीटिंगच्या ठरावानं ती बाजूला सारता येत नाही. उद्या कुणी थकबाकी ठेवली आणि वसुलीची वेळ आली, तर पहिला प्रश्न येणार की हा आकडा कुठल्या आधारावर काढला. डीडप्रमाणे बिल असलं की तिथंच उत्तर मिळतं.

४०२: माझ्या खरेदीखतात १,०४० लिहिलंय ओ, १२५० नाही.

खजिनदार (२०३): वहिनी, तुमच्या खतात कार्पेट आहे. शेजारच्या ४०१ च्या खतात सेलेबल आहे, म्हणजे भिंती, बाल्कनी आणि जिना-लॉबीचा वाटा धरून. फ्लॅट दोन्ही एकाच मापाचे आहेत. भांडणं नेमकी इथंच लागतात: प्रत्येकजण आपापल्या खतातला लहान आकडा पुढे करतो, मग बेरीज २१,००० होतच नाही आणि दर महिन्याला पैसे कमी पडतात. म्हणून खतातला आकडा कुणाचाच घेतला नाही, डीडच्या परिशिष्टातला घेतला. २० टक्केवाऱ्यांची बेरीज १०० येते का, एवढं प्रत्येकानं बघावं. प्रत पीडीएफ करून टाकलीय.

००२: आम्ही तळमजल्याचे चार फ्लॅट. लिफ्टचं बटण कधी दाबत नाही. एएमसी दिला तोवर गप्प बसलो, आता फंडही द्यायचा?

सेक्रेटरी (३०१): काका, सामाईक सोय वापरत नाही म्हणून खर्चातून सुटका नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आणि ते दोन्ही बाजूंनी लागू होतं. पावसाळ्यात तुमच्या बाजूचं ड्रेनेज तुंबलं की चौथ्या मजल्यावरचेही त्याचे पैसे भरतात.

००२: बरं, ते कळलं. पण फंड किती नि कशासाठी, ते फोडून सांगा. "लिफ्ट फंड ३०० रुपये" असं मोघम नको.

२०१ (लिफ्ट समिती): मी सांगतो काका. मशीन रूम आणि लिफ्टखालचा खड्डा दोन्ही टेक्निशियनबरोबर तपासले. आपला एएमसी साधा आहे, म्हणजे तेल-पाणी, तपासणी आणि मजुरी त्यात येते, सुटे भाग आपले. चार मोठे खर्च दिसतात. कोटेशन सगळी १८ टक्के जीएसटीसह घेतलीत, नाहीतर ऐनवेळी आकडा फुगतो.

दोर: ७२,०००, साधारण ३ वर्षांनी. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या एआरडीच्या बॅटऱ्या: १२,०००, २ वर्षांनी. दरवाजाची मोटर आणि सेन्सर: ७२,०००, ६ वर्षांनी. कंट्रोलर आणि ड्राइव्ह: २,४०,०००, ८ वर्षांनी.

प्रत्येक रक्कम उरलेल्या महिन्यांनी भागायची. अनुक्रमे २,०००, ५००, १,००० आणि २,५००. महिन्याला ६,०००. टक्केवारीनं लहान फ्लॅटला २४३, मोठ्याला ३५७.

३०३: दोर ३ वर्षांनी हे कशावरून? अजून तर चांगले दिसतायत.

२०१ (लिफ्ट समिती): नुसतं बघून कळत नाही. नवा दोर १३ मिमीचा होता, आता व्हर्नियरनं १२.४ भरतो. मोजताना पेडांच्या उंचवट्यावर जबडे धरायचे, दोन पेडांमधल्या खोलगट भागावर धरले तर माप कमी येतं आणि उगाच घाबरायला होतं. मूळ जाडी साधारण १० टक्के घटली, म्हणजे ११.७ वर आली, की बदलायचेच. त्याआधीही दोरावर तांबूस भुकटी दिसायला लागली तर आतून गंज धरून तारा घासतायत असं समजायचं. तुटलेल्या तारा चिंधी फिरवली की अडकून कळतात, हात फिरवायचा नाही. आणि बदलायचे ते सगळे दोर एकदम. एकच नवा टाकला तर ताण सारखा राहत नाही, पुलीची एखादी खाच जास्त खाल्ली जाते आणि मग पुलीचाही खर्च मागे लागतो. म्हणून ७२,००० हा पूर्ण संचाचा आकडा आहे.

४०४: आणि आठव्या महिन्यातच ड्राइव्ह जळला तर? तोवर ४८,००० च जमणार.

खजिनदार (२०३): हाच कच्चा दुवा आहे, बरं झालं विचारलंत. म्हणून सुरुवातीला एकदाच ६०,००० उभे करायचे: लहान फ्लॅटला २,४२९, मोठ्याला ३,५७१, दोन हप्त्यांत. पुढे दर एप्रिलला चारही भागांचे ताजे दर मागवून राहिलेली रक्कम उरलेल्या महिन्यांनी पुन्हा भागायची. भाव वाढतातच, जुना आकडा धरून बसलो तर फंड आपोआप तोकडा पडतो. खातं वेगळं, एफडी असोसिएशनच्या नावे, सह्या दोघांच्या. रंगकामाला या खात्यातून उसनेसुद्धा नाहीत.

००२: खड्ड्यात पाणी येतंय त्याचं काय? जूनपासून तुमची लिफ्ट पाण्यात उभी असते.

२०१ (लिफ्ट समिती): काका, ते फंडातून नाही करायचं, त्याच्याआधी करायचं. पाणी साचलं की बफरच्या स्प्रिंगा गंजतात आणि खालचा लिमिट स्विच खराब होतो. पाण्यानं झालेलं नुकसान सर्वसमावेशक एएमसीतसुद्धा सहसा वगळलेलं असतं. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन वेगळं मागवलंय. मे संपायच्या आत काम झालं पाहिजे, बेळगावचा पाऊस लागला की खड्डा वाळतच नाही.

१०४: ठीक आहे. म्हणजे आमचे महिन्याचे २,५०० अधिक ३५७, एकूण २,८५७. बिलावर दोन्ही ओळी वेगळ्या दाखवा आणि फंडाच्या खात्याचं स्टेटमेंट दर तीन महिन्यांनी ग्रुपवर टाका. मग आमची हरकत नाही.

खजिनदार (२०३): टाकते दादा. लहान फ्लॅटना १,९४३ होतील. रविवारी ठराव मांडताना डीडचं परिशिष्ट आणि चारही कोटेशन टेबलावर ठेवते, ज्यांना आधी बघायचीत त्यांनी शनिवारी संध्याकाळी २०३ मध्ये या.