शब्दचर्चा: ‘टुडे ओन्ली’, ‘हिअर इटसेल्फ’ आणि मराठीतला ‘च’

विचारणारी: इंग्लंडमधील एका ग्राहकाला मी लिहिले, ‘द रिपोर्ट विल बी रेडी ऑन फ्रायडे ओन्ली’. अहवाल शुक्रवारीच देते, उशीर होणार नाही, असे मला म्हणायचे होते. त्यांनी मात्र शुक्रवारच्या आधी तो मिळणार नाही असा अर्थ घेतला आणि बुधवारची बैठक पुढे ढकलली. त्याऐवजी काय लिहायला हवे होते?

निवृत्त बँक कर्मचारी: ‘ओन्ली’ शेवटी लिहिण्यात काहीच गैर नाही. धनादेशावर आम्ही वर्षानुवर्षे ‘रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली’ असेच वाचत आलो.

भाषांतरकार: धनादेशावरचा ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’; अक्षरी रकमेपुढे कोणी काही वाढवू नये म्हणून तो लिहितात. ताईंच्या वाक्यातला ‘ओन्ली’ मात्र आपला ‘च’ आहे. ‘सवलत आजच आहे’ म्हणताना आपण बाकीचे दिवस वगळतो, तर ‘मी आजच येते’ म्हणताना केवळ ‘आज’वर भर देतो. इंग्रजी ‘ओन्ली’ प्रामुख्याने वगळण्याचे काम करतो, त्यामुळे ‘आय ॲम कमिंग टुडे ओन्ली’ हे ऐकणाऱ्या इंग्रजाला ‘आज येईन, इतर कोणत्याही दिवशी नाही’ असे वाटू शकते. हिंदीतला ‘ही’ आणि कन्नड, तेलुगू, तमिळमधला शब्दाला जोडून येणारा ‘ए’ हेही भर देतात, म्हणून हा प्रयोग भारतभर कानावर पडतो.

ताईंच्या वाक्यात आणखी एक अडचण आहे, ती मराठीतही आहे. ‘शुक्रवारीच देते’ ही हमी वाटते, पण ‘शुक्रवारीच मिळेल’ म्हटले की आधी मिळणार नाही असे ऐकू येते. म्हणून मुदत सांगायची असेल तर ‘बाय फ्रायडे’ आणि आधी जमणार नसेल तर ‘नॉट बिफोर फ्रायडे’ असे स्पष्ट लिहावे.

शिक्षिका: मी मुलांना सांगते की वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ किंवा ‘इटसेल्फ’ दिसला की सरळ खोडा.

भाषांतरकार: ‘आय ॲम कमिंग टुडे’ एवढे पुरते, बोलताना ‘टुडे’वर जोर द्यावा. पण ‘आय टोल्ड हिम येस्टरडे इटसेल्फ’ मधून ‘इटसेल्फ’ नुसता खोडला, तर ‘कालच सांगून झाले आहे’ हा भाव जातो. तिथे ‘आय ऑलरेडी टोल्ड हिम येस्टरडे’ म्हणावे. ‘हिअर इटसेल्फ’ऐवजी ‘राइट हिअर’ आणि ‘नाउ इटसेल्फ’ऐवजी ‘राइट नाउ’ सहज बसते. ‘द प्रॉब्लेम इज द बिल्डिंग इटसेल्फ’ मध्ये तर तो शेवटी असूनही योग्यच आहे, कारण दोष खुद्द इमारतीत आहे असे तिथे सांगायचे आहे.

शिक्षिका: हे उदाहरण माझ्या लक्षात आले नव्हते. तरीही जे भारतात सर्वांना कळते, त्याला उत्तरपत्रिकेत चूक म्हणावे का, हे माझ्या मनात अजून ठरत नाही.

भाषांतरकार: बोलण्यात मी त्याला चूक म्हणणार नाही. परदेशी वाचकासाठी असलेल्या पत्रात मात्र बदलेन.

विचारणारी: ‘यू विल हॅव द रिपोर्ट बाय फ्रायडे’ असे आता कळवले आहे. ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ चे काय करावे?

भाषांतरकार: ‘तो तसाच आहे’ साठी ‘दॅट्स जस्ट हाउ ही इज’ हे जवळचे वाटते, मात्र ‘तसाच’ मधला वैताग त्यात पुरता उतरतो का, याविषयी इतरांचे मत वाचायला आवडेल.